पिल्लं निघेपर्यंत

तुळजाबाईचा कुणावर विश्वास नव्हता. अगदीच कुणावर नव्हता असं म्हणू नये. एका भाच्यावर, केशववर, होता. बाकी दूधवाला पाणी घालतो, लाकडं विकणारा ओली लाकडं मोळीच्या पोटात दडवतो, किराण्याचा बद्रीनाथ तराजूला करंगळी लावतो, हे तिला देवाच्या नावासारखं पाठ होतं. जालना स्टेशनाच्या अगदी जवळ तिची खाणावळ. नवरा गेल्यापासून ती एकटीनं चालवत होती आणि म्हणायची, "मी संशय घेते म्हणून तर चालली. न्हाईतर लोकांनी मला भांड्यांसकट विकून खाल्लं असतं."

अशा बाईच्या स्वयंपाकघरात झुरळं झाली. आता झुरळं कुठं नसतात हो? निजामाच्या हवेलीतसुद्धा असतील. पण माघ सरता सरता ती इतकी झाली की दिवसाउजेडी चुलीमागून फिरायला लागली. मसाल्याचा डबा उघडावा तर झाकणाखालून दोन पळाली. उतरंडीला हात लावावा तर अंगावर. आणि होळीच्या आधी एका रेल्वेच्या गार्डाच्या वरणात एक निघालं. तो गार्ड ताटावरून उठला तो थेट बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीत गेला.

तिथून सफाईचे दारोगा आले. त्यांनी काठीनं फडताळ ठोकलं, मोरीत वाकून पाहिलं आणि मिशीवर हात फिरवत म्हणाले, "बाई, ये खाणावळ है के झुरळखाना? मैं अखाजी के बाद फिर आऊंगा. एक भी जिंदा दिखा तो ताला. समज्या?"

समजलं. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दीड-दोन महिन्यांवर आली होती. खाणावळीला ताला म्हणजे तिच्या तोंडाला ताला. तिला ना मूल ना बाळ, शेत ना घर. होती ती ही चूल. दारोगाची पाठ फिरताच ती मोरीशी जाऊन उभी राहिली आणि भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कुणाचा तळतळाट लागलाय, मला काय कळंना झालंय का?"

भिंतीपलीकडं भुजंगचं चहाचं हॉटेल. दोघांची मोरी पुढं एकाच नालीत पडायची. भुजंग मोरीतून झुरळं इकडं ढकलतो, हा तुळजाबाईचा पहिला हिशेब. म्हणून तिनं मोरीत उकळतं पाणी ओतलं, घासलेट ओतलं, मोरीच्या तोंडात फडकं कोंबलं. मोठी मोठी लालसर झुरळं पाय वर करून पडली. तिनं ती मोजून शेणाच्या टोपलीत भरली आणि भुजंगच्या दारात नेऊन ओतणार होती, तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, की चुलीमागची झुरळं जशीच्या तशी आहेत.

मग दुसरा हिशेब. बद्रीनाथकडून झुरळं मारायचा टाकणखार आणून ती दर अवसेला कोपऱ्याकोपऱ्यात टाकत होती. चार झुरळं मरायची, आठ नवी दिसायची. म्हणजे बद्रीनाथनं टाकणखारात चुना मिसळला. ती भांडायला गेली. बद्रीनाथनं तिच्यासमोर खडा तव्यावर टाकला, त्याची पांढरी लाही फुलली, म्हणजे माल अस्सल, आणि तिला गप परत यावं लागलं.

मग उरली एकच. सुगंधाबाई.

सुगंधाबाई संक्रांतीच्या सुमाराला आली होती. वाटूरकडची धनगराची बाई, तिशीतली. नवरा मेला तसं दिरानं बाहेर काढलं होतं. एक लाकडी पेटी डोक्यावर घेऊन ती स्टेशनात उतरली आणि काम मागत तुळजाबाईच्या दारात उभी राहिली. हात असा, की भाकरी परातीतून तव्यावर जाईपर्यंत फुलल्यासारखी दिसायची. गिऱ्हाईक तिच्या भाकरीसाठी जास्त येऊ लागलं होतं. पण बोलणं जेवढ्यास तेवढं. आणि कमी बोलणारं माणूस म्हटलं की तुळजाबाईच्या डोक्यात किडा वळवळायचाच.

'संक्रांतीला ही आली. माघात झुरळं वाढली. मंग?' ती स्वतःशीच म्हणायची. आणि 'मंग'च्या पुढं तिला काही लागायचंच नाही.

जेवायला येणाऱ्यांत एक रजनीबाई होत्या. सरकारी दवाखान्यात नर्स. चाळिशीच्या, पांढरं लुगडं, बोलणं चटचट. गार्डाच्या वरणाचं त्यांनी ऐकलं होतं. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मावशी, मला ती झुरळं दाखवा बरं."

"मेलेली का जिती?"

"दोन्ही."

तुळजाबाईनं त्यांच्याकडं तिरक्या नजरेनं पाहिलं. चांगल्या घरची बाई झुरळ पाहिलं की किंचाळते. ही बघायला मागते! पण गरज होती. तिनं पत्रावळीवर मोरीजवळची दोन आणि चुलीजवळची चार आणून ठेवली. रजनीबाईंनी काडीनं एकेक उलटंपालटं केलं.

"ही बघा, दोन जाती आहेत. हे मोठं, बोटाच्या दोन पेरांएवढं, तांबूस, मानेवर पिवळट कडा. हे मोरीतलं. नालीत राहतं, ओल्यात, अंधारात. आणि हे बारीक, फिकं तपकिरी, भुईमुगाच्या दाण्याएवढं. मानेवर दोन काळे पट्टे दिसतात का?"

तुळजाबाईनं डोळे बारीक केले. दिसत होते. आजपर्यंत तिनं कितीतरी झुरळं चपलेनं चेंदली, पण हे पट्टे तिला कधी दिसले नव्हते. तिला वाटायचं, बारीक म्हणजे मोठ्याचं पोर.

"पोर न्हाई का हे?"

"न्हाई. पंख बघा, पुरते वाढलेत. हे एवढंच राहतं. पोराला पंख नसतात. हे जिथं ऊब आहे, खायला आहे, तिथं चिकटून राहतं. आणि हे मोरीतून येत न्हाई, मावशी. हे सामानातून येतं. पेटीतून, खोक्यातून, पोत्यातून."

झालं! 'पेटीतून' हा शब्द पडला आणि पुढचं तुळजाबाईला ऐकूच गेलं नाही.

"सुगंधा!" ती ओरडली. "तुझी पेटी अंगणात आण!"

सुगंधाबाईचे हात पिठात होते. तिनं वळून पाहिलं. "काय झालं, मावशी?"

"काय झालं ते बघूच. आण म्हणते ना!"

"मावशी, मी तसं म्हणाले न्हाई," रजनीबाई म्हणाल्या. पण कोण ऐकतंय!

पाणी प्यायला थांबलेली दोन-चार माणसं ओसरीवर आली. पेटी मोरीच्या बाजूच्या भिंतीशी होती. जागा तुळजाबाईनंच दिली होती. सुगंधाबाईनं ती आणली, अंगणात ठेवली आणि स्वतः बाजूला उभी राहिली. हात पिठाचेच. तुळजाबाईनं झाकण उघडलं. दोन लुगडी. एक जुनं घोंगडं. एक कंगवा. नवऱ्याचं मुंडासं, घडी घातलेलं. एकेक वस्तू ती उन्हात झटकून जमिनीवर टाकत होती आणि ओसरीवरली माणसं बघत होती. मुंडासं झटकलं तेव्हा सुगंधाबाईनं मान खाली घातली.

पेटीत झुरळ निघालं नाही. तुळजाबाईनं पेटी उलटी केली. आणि बुडाला, फळीच्या फटीत, तिला एक काळपट तांबडा दाणा चिकटलेला दिसला. कुळथापेक्षा थोडा मोठा.

"हे काय? हे काय आहे?" तिनं नखानं तो उपटला. "अंडं आहे हे झुरळाचं! मी बघितलंय असं, फडताळामागं! हीच घेऊन आली ही पीडा! वाटूरहून घेऊन आली!"

"मी न्हाई आणलं," सुगंधाबाई हळू म्हणाली.

"मंग काय हे उडत आलं?"

रजनीबाईंनी तिच्या हातातून तो दाणा घेतला. "मावशी, जरा दमानं. हे एक अंडं न्हाई. ही अंड्यांची कुपी आहे. हे बघा, वरच्या बाजूला दात आहेत, जशी दातेरी शिवण." त्यांनी ती पत्रावळीवर ठेवून भाजी चिरायच्या विळीच्या टोकानं उघडली. आत ओलसर, फिकट दाणे, दोन ओळींत नीट लावलेले. ओसरीवरचा एक जण 'थू' म्हणून उठून गेला.

"ही मोठ्या झुरळाची," रजनीबाई म्हणाल्या. "मोठी मादी कुपी एखाद दिवस अंगाशी ठेवती, मंग अडचणीच्या जागी चिकटवून निघून जाती. पुढं तिचं ती. फुटायला दीड-दोन महिने लागतात. सुगंधाबाईंनी हे वाटूरहून आणलं असतं, तर संक्रांतीपासून एव्हाना फुटून पोकळ झालं असतं. हे भरलेलं आहे. इथंच घातलंय, तुमच्या मोरीपाशी."

"आणि वरणातलं? ते कुणाचं?"

"वरणातलं बारीक होतं का मोठं?"

तुळजाबाईला आठवावं लागलं नाही. ते वरणाच्या वाटीत तरंगणारं बारीक, फिकं किडूक ती मरेपर्यंत विसरणार नव्हती. "बारीक."

"मंग ह्या कुपीचा त्याच्याशी काहीच संबंध न्हाई. बारीक झुरळाची मादी कुपी टाकून जातच न्हाई. शेपटाला धरून हिंडती, पिल्लं निघायला येईपर्यंत. बारीक जातीची भरलेली कुपी अशी कुठं चिकटलेली सहसा सापडायची न्हाई. मादी सापडली तर कुपी सापडली."

सुगंधाबाई खाली बसली आणि आपली लुगडी, घोंगडं, मुंडासं एकेक उचलून, धूळ झटकून पेटीत घालू लागली. तुळजाबाईनं एक लुगडं उचलून द्यायला हात पुढं केला. सुगंधाबाईनं तो पाहिलाच नाही, किंवा पाहून सोडून दिला.

आता खरं तर इथं माणसानं तोंड झाकून घ्यावं. पण तुळजाबाईच्या मनात लगेच निराळंच सुरू झालं. ह्या नर्सबाईला झुरळांतलं एवढं कळतं कसं? आणि ही सुगंधाची बाजू का घेऊन राह्यली?

"तुम्हाला हे कसं ठाऊक?" तिनं विचारलंच.

"दवाखान्याच्या मुदपाकखान्यात दोन सालं झुरळंच मारली मी," रजनीबाई हसल्या. "रोग्यांच्या पेजेत निघायची. डॉक्टरांनी पुस्तक दिलं, म्हणाले, वाचा आणि मारा. आता सांगा, चुलीजवळ दिवाळीपासून नवीन काय आलं?"

"काही न्हाई."

"फडताळ? डबे? पोतं?"

"काही न्हाई म्हणते ना."

सुगंधाबाई पेटी उचलता उचलता थांबली. तिनं आत चुलीकडं पाहिलं. रजनीबाई आत गेल्या. चुलीच्या बाजूला, भिंतीला लावून चहाचं लाकडी खोकं उभं होतं, आतून कागद लावलेलं. त्याची मांडणी करून तुळजाबाईनं मसाल्याचे डबे ठेवले होते. रजनीबाईंनी डबे खाली उतरवले आणि खोक्यावर पळीचा दांडा दोनदा आपटला.

आई गं! कागदाच्या मागून, फळीच्या जोडांतून, खिळ्यांच्या भोकांतून बारीक झुरळं अशी निघाली की भिंत हलतेय असं वाटलं. रजनीबाईंनी पळीखाली एक दाबून धरलं आणि उजेडात आणलं. दोन काळे पट्टे. आणि शेपटाला लटकलेली फिकी, चपटी कुपी, आडव्या रेघांची.

"हे बघा. ही आहे ती आई."

"पण ते तर केशवनं आणलंय!" तुळजाबाई म्हणाली.

केशवनं आणलंय म्हणजे त्यात झुरळ असणंच शक्य नाही, असा तिचा सूर होता. केशव स्टेशनाच्या पार्सल हापिसात होता. स्टेशनावरच्या चहावाल्याकडचं हे रिकामं खोकं तो दिवाळीत मावशीला देऊन गेला होता, प्रेमानं. तिच्या सख्ख्या बहिणीचा पोरगा. त्याच्यावर ती कशी संशय घेईल?

"त्यानं काय मुद्दाम आणली?" रजनीबाई म्हणाल्या. "खोक्यात होती, आली. कुणाच्याही सामानात येतात. त्याची काय चूक?"

त्याची काय चूक. सुगंधाबाई दारात पेटी घेऊन उभी होती आणि तिनं ते ऐकलं. तुळजाबाईनं तिच्याकडं पाहिलं नाही.

खोक्यावर उकळतं पाणी ओतलं आणि मागच्या अंगणात ते जाळलं. संध्याकाळी केशव जेवायला आला. मांडणी नाही पाहून त्यानं विचारलं, "मावशी, खोकं कुठं गेलं?"

"उंदरांनी कुरतडलं बाबा," तुळजाबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात तुपाची धार जास्तीची ओढली. पलीकडं सुगंधाबाई भाकरी थापत होती. तिची थाप क्षणभर थांबली आणि परत सुरू झाली. रात्री झोपताना तुळजाबाई एवढंच म्हणाली, "पेटी आतल्या खोलीत ठेव. मोरीपाशी नको." तिच्या मते झालं ते झालं, मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून रजनीबाईंचा कारभार सुरू झाला. आधी त्यांनी तुळजाबाईची झाडाझडती घेतली.

"टाकणखार कधी टाकता?"

"अवसेला."

"आणि सारवता कधी?"

"दुसऱ्या दिवशी. अवस गेली की सारवायचंच."

रजनीबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी! टाकणखार खाऊन झुरळ लगेच मरत न्हाई, त्याला चार-आठ दिवस लागतात. आणि तो कोरडा पाहिजे. तुम्ही एका रात्रीत शेणाखाली पुरून टाकता! पुढं कुप्या फुटून पिल्लं निघाली की त्यांना स्वच्छ सारवलेली जमीन! कुपीला पावडरीनं काही होत न्हाई. पावडर हजर पाहिजे ती पिल्लं निघतील तेव्हा."

बद्रीनाथला आपण काय काय बोललो ते आठवून तुळजाबाईचं तोंड कडू झालं.

मग दोघीतिघींनी संध्याकाळी चिमणी घेऊन घर पालथं घातलं. जात्याखाली, उतरंडीमागं, आढ्याच्या सांध्यात, मोरीच्या कट्ट्याखाली मोठ्या झुरळांच्या काळपट कुप्या सापडत गेल्या. सुगंधाबाई चाकूच्या टोकानं एकेक उपटायची आणि रजनीबाईंना दाखवायची. दाबल्यावर ओलसर निघाली तर भरलेली. चुरगळली तर पोकळ, फुटून गेलेली. दोन्ही चुलीत. थोड्याच वेळात सुगंधाबाईला दाबायच्या आधीच हाताला कळायला लागलं, कुठली जड आणि कुठली हलकी. जात्यामागं काही कुप्यांवर काजळीचा थर होता.

"ह्या मागच्या सालच्या," रजनीबाई म्हणाल्या. "कदाचित त्याच्याही आधीच्या. मोठी झुरळं जुनी राहती आहेत मावशी तुमच्याकडं."

तुळजाबाईनं त्या काजळी धरलेल्या कुप्या पाहिल्या. सुगंधाबाई ह्या गावात यायच्या आधीपासून त्या तिथं होत्या, तिच्या नाकाखाली. तिनं त्या स्वतःच्या हातानं उचलून चुलीत टाकल्या.

वाटलेला टाकणखार, हरभऱ्याचं पीठ, थोडी पिठीसाखर. अन्नापासून लांब, कोरड्या फटींत, चुलीमागं, चौकटींमागं चिमटी चिमटी. मोरीच्या तोंडाला जाळी, आणि दिवेलागणीला ओलं फडकं उचलून टाकायचं. आणि मुख्य म्हणजे तिथं सारवायचं नाही.

"आणि पाडवा?" तुळजाबाई किंचाळलीच. "पाडव्याला चूल न सारवता ठेवू? लोक थुंकतील माझ्या तोंडावर!"

"मधली जमीन सारवा. कडा सोडा."

पाडवा आला. तुळजाबाईनं मधली जमीन सारवली. कडांना शेणाचा हात जाता जाता राहिला, कारण सुगंधाबाई त्या कडेला पाय मुडपून बसली होती आणि हलत नव्हती. चुलीमागं झुरळं मरून पडत होती. फिरणारी कमी कमी होत गेली. तुळजाबाईचा जीव भांड्यात पडला.

आणि पाडवा होऊन चार दिवस जातात न जातात, तो सकाळी तिनं उतरंड हलवली, तर खाली बारीक बारीक काळसर ठिपके पळाले. तिळाएवढे. पंख नाहीत, पाठीवर मधोमध फिका पट्टा. दहा, वीस, कितीतरी!

तिचं डोकंच फिरलं. ती भरकन आतल्या खोलीत गेली. सुगंधाबाई तांदूळ निवडत होती. "परत आली! कुणीतरी आणून सोडली! कोण सोडतंय गं?"

सुगंधाबाईनं सूप खाली ठेवलं. "मावशी, बघायचीय का पेटी? आणू अंगणात?"

तिनं ते टोचून म्हटलं नाही. साधं विचारलं, 'पाणी आणू का' विचारावं तसं. तुळजाबाई तिथंच भिंतीला टेकली.

रजनीबाई दुपारी आल्या. ठिपके पाहून हसल्या. "ही तर येणारच होती! मेलेल्या मादीची कुपी पिकत आलेली असली की त्यातनं काही निघतात, काही चुकलेल्या माद्याही असतील. आता हीच वेळ आहे, मावशी. ह्यांना अजून अंडी नाहीत. मोठी व्हायच्या आत ह्यांना दुसरा घास द्यायचा. तो चुकला तर परत पहिल्यापासून. मंग जन्मभर अवसेला टाकत बसा."

दुसऱ्यांदा टाकणखार पडला. ताजा, कोरडा. चैत्राचं ऊन तापत गेलं. तुळजाबाई रोज पहाटे दिवा घेऊन चुलीमागं वाकायची. आधी ठिपके मेलेले दिसायचे, मग थोडे, मग दिसेनात. मोठ्यांच्या कुप्यांसाठी रजनीबाईंनी मोरीकडं आणखी एकदा टाकायला लावलं, कारण त्यांचं पोर उशिरा निघतं. तेही झालं.

ह्या दिवसांत सुगंधाबाईचं काम नेहमीसारखंच चाललं होतं. उलट जास्तच. फटी तीच बघायची, टाकणखार ओला झाला की तीच बदलायची. तुळजाबाईला वाटू लागलं की हिनं मनातून काढून टाकलं. एकदा तिनं तिला स्वतःच्या ताटातला गूळ दिला. सुगंधाबाईनं तो घेतला.

अखाजी झाली आणि दारोगा आले. फडताळ ठोकलं, काही नाही. उतरंड हलवली, काही नाही. जातं सरकवलं, मोरीवर वाकले. कट्ट्याखालून काठीनं त्यांनी काहीतरी बाहेर ओढलं. मोठं, तांबूस, पाय वर. तुळजाबाई वाकून पुढं आली.

दारोगांनी काठीच्या टोकानं ते उलटं केलं. वाळून खडखडीत झालं होतं. "मुर्दा है," ते म्हणाले. "अच्छा काम किया, बाई. चलने दो खाणावळ."

तुळजाबाई चुलीपुढं बसून रडली. बऱ्याच वर्षांत ती रडली नव्हती. तिला ते जमेना, नाकातून आवाज येत होता. डोळे पुसून तिनं वळून पाहिलं, तर सुगंधाबाई दारात उभी. डोक्यावर पेटी.

"कुठं निघालीस?"

"दवाखान्याच्या मुदपाकखान्यात काम आहे म्हणल्या रजनीबाई. पाडव्यालाच म्हणल्या होत्या."

अस्सं! म्हणजे नर्सबाईचा डाव होता तर! भाकरीचा हात पळवून न्यायचा होता म्हणून एवढं पुस्तक वाचत बसली! तुळजाबाईच्या जिभेवर हे आलंच होतं. पण सुगंधाबाईचा चेहरा बघून ते तिथंच राहिलं.

"पाडव्याला म्हणल्या होत्या, मंग आतापावेतो का थांबलीस?"

"पिल्लं निघून सरेपर्यंत थांबले," सुगंधाबाई म्हणाली. "मी तवाच गेले असते, आणि मंग झुरळं गेली असती, तर समदे म्हणले असते, तिच्यासंगं आली आणि तिच्यासंगं गेली. इथं मी असताना सरायला पाहिजे होती. सरली. आता निघते, मावशी."

"मी म्हणले नसते तसं."

"तुम्हीच आधी म्हणल्या असत्या."

सुगंधाबाई ओसरी उतरून दवाखान्याच्या रस्त्याला लागली. भर दुपार होती, तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. तिला थांबवायला काय बोलायचं असतं ते तुळजाबाईला कधी कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी पंगत बसली. भाकऱ्या तुळजाबाईनं थापल्या होत्या, जाड आणि कडांना करपलेल्या. त्या दिवशी ओसरीवरून पेटीची झडती बघणाऱ्यांतला एक जण पहिल्याच पाटावर होता. शेजारी केशव. त्या माणसानं भाकरीचा तुकडा मोडला, इकडंतिकडं पाहिलं आणि हसून म्हणाला, "बाई गेली वाटतं? बरं झालं. ती गेली अन् झुरळंबी गेली. न्हाई का, मावशी?"

तुळजाबाईच्या हातातली वरणाची पळी तशीच राहिली.

"आधी झुरळं गेली," ती म्हणाली. आवाज एवढा चढला की सगळी पंगत जेवायची थांबली. "ऐकलं का? आधी झुरळं गेली, तवा ती हितंच होती, ह्या चुलीपुढं. तिनंच घालवली. आणि आणली होती ती आमच्या केशवनं, त्याच्या खोक्यातनं. मी त्याला काही बोलले न्हाई, आणि तिची पेटी तुम्हा सगळ्यांपुढं उलटी केली."

केशवचा घास तोंडाशीच थांबला. तुळजाबाईनं त्याच्या ताटात वरण वाढलं, मग पुढच्याच्या, मग त्याच्या पुढच्याच्या, आणि वाढता वाढता तिच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून खाली पडत राहिलं, ते तिनं पुसलं नाही.